ब्लाउज सैल होईल का, पँट कमरेत सुटेल का? अल्टरला देण्याआधी कपडा उलटा करून बघा

मी ठाण्यात नौपाड्यात शिवणकाम आणि अल्टरेशन करते. राम मारुती रोडवरून घेतलेला तयार कुर्ता असो, नाहीतर गावच्या टेलरकडे शिवलेला ब्लाउज असो, पिशवीतून कपडा काढताना प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "होईल ना?" घट्ट करायचा असेल तर बहुतेक वेळा होतं, कारण कापड हातात असतं. सैल करायचा असेल तर आतल्या शिवणीत किती कापड सोडलंय त्यावर सगळं अवलंबून. ते तुम्हाला घरीच बघता येतं. एक टेप, टाचण्या आणि थोडा उजेड पुरतो. इथे मी मुख्यतः ब्लाउज आणि पँट या दोनच कपड्यांबद्दल सांगणार आहे, कारण सैल करण्यासाठी सर्वात जास्त तेच येतात आणि त्यांत खरोखर काही करता येतं.

आधी हिशोब समजून घ्या

कपडा उलटा केला की शिवणीच्या टिपेपलीकडे जे कापड उरलेलं दिसतं, ते मार्जिन. टेलर ते इंच आणि सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे पाव इंच म्हणजे दोन सूत. टेपवर इंचाचे आठ भाग असतात, त्यातली एक रेघ म्हणजे एक सूत.

मोजायचं ते टिपेपासून कापडाच्या कडेपर्यंत, एका पदराचं. पण दिसतं ते सगळं सोडता येत नाही. नवी टीप मारल्यावर तिच्यापलीकडे थोडं कापड राहायलाच हवं, नाहीतर दोन धुण्यांत धागे सुटून शिवण उघडी पडते. साध्या सुती कापडाला दोन सूत चालतात. रेशीम, ब्रोकेड, जरीचं कापड कडेला विसविशीत होतं, त्याला किमान तीन सूत ठेवा. पँटच्या सीटवर बसता-उठता ताण येतो, तिथे चार.

आता खरी गंमत. ब्लाउजला दोन साईड असतात आणि प्रत्येक साईडला दोन पदर, पुढचा आणि मागचा. म्हणजे कडा चार. प्रत्येक कडेला एक सूत सोडलं की छातीचा घेर चार सुतांनी, म्हणजे अर्ध्या इंचाने वाढतो. पँट सैल होते ती मागच्या मधल्या एकाच शिवणीतून, तिथे कडा दोनच. बाहीलाही शिवण एक आणि कडा दोन. त्यामुळे आत तेवढंच मार्जिन असलं तरी ब्लाउज बराच सुटतो आणि पँट थोडीच. "ब्लाउजचं तर तुम्ही तीन इंच वाढवलंत, मग यांच्या पँटचं का नाही?" असं विचारणाऱ्या बायकांना मी हेच कडा मोजून दाखवते.

ब्लाउज

आपल्याकडे टेलरने शिवलेल्या ब्लाउजला साईडला साधारण एक ते दीड इंच मार्जिन सोडायची पद्धत आहे. चांगला टेलर त्यात एकाच्या बाजूला एक अशा दोन-तीन टिपा मारून ठेवतो. अंगाच्या सगळ्यात जवळची टीप ही आजची फिटिंग, बाकीच्या पुढच्या वर्षांसाठी. दोन टिपांमध्ये पाव इंच अंतर असेल, तर दोन्ही साईडची आतली एकेक टीप उसवली की छातीत बरोबर एक इंच मिळतो आणि बाहीत अर्धा. यासाठी टेलरकडे जायचीही गरज नाही. ब्लेडऐवजी टाके उसवायचं छोटं हत्यार वापरा, दर तीन-चार टाक्यांनी एक टाका तोडा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढा. सरळ निघतो. कापड ताणून उसवू नका.

टिपा मारलेल्या नसतील पण कापड असेल, तर काम माझ्यासारखीकडे येतं. ऐरोलीहून आलेल्या एका ताईंच्या ब्लाउजचा हिशोब सांगते. लग्नात शिवलेला रेशमी ब्लाउज, अस्तराचा. हुक लावून मोजला तर छाती ३५ भरली. ताईंची अंगाची छाती आता ३६॥ होती. ब्लाउजला अंगापेक्षा इंचभर सैलपणा लागतो, म्हणजे ब्लाउज ३७॥ हवा. वाढ अडीच इंच, म्हणजे २० सूत. चार कडांत वाटलं की प्रत्येकी ५ सूत. आत बघितलं तर बगलेखाली मार्जिन सव्वा इंच, म्हणजे १० सूत. पाच सोडले तरी पाच उरतात, रेशमाला पुरेसे. खालचा, बरगड्यांवरचा घेर दोन इंच वाढवायचा होता, म्हणजे तिथे कडेला ४ सूत. बाहीचा दंडघेर ११ वरून १२ करायचा. इंचभर वाढ दोन कडांत, म्हणजे तिथेही ४ सूत. बाहीत मार्जिन ७ होतं, तीन उरले. काठावर, पण जमलं.

या हिशोबात एक जागा अशी आहे जिथे नवखे आणि घाईतले टेलरही फसतात. बाही आधी मुंढ्याला जोडलेली असते आणि मग बाहीच्या तोंडापासून कमरेपर्यंत साईड एका दमात शिवलेली असते. बगलेच्या चौकात बाही आणि अंग एकमेकांना मिळतात, म्हणून तिथे दोन्हीकडे सारखंच सोडावं लागतं. या ब्लाउजमध्ये चौकात ५ सूत. तिथून बाहीच्या तोंडाकडे जाताना रेघ हळूहळू ४ वर आणायची, कमरेकडे जाताना तशीच ४ वर. अंगात पाच आणि बाहीत दोन असं केलं तर मुंढ्याची शिवण जुळत नाही, बगलेत चूण पडते आणि हात वर केला की ती टोचते. आणून दिलेला ब्लाउज घालून हात वर करा. चूण असेल तर बोटाला लागते.

दुसरी अडचण दिसायला छोटी आणि बऱ्याचदा निर्णय करणारी. बगलेच्या गोलाईत शिवण नीट बसावी म्हणून टेलर मार्जिनमध्ये कात्रीने छोटे छोटे कट मारतात. कट टिपेपर्यंत खोल गेला असेल, तर तुमचं मार्जिन त्या जागी कागदावरच आहे. सव्वा इंचात पाऊण इंच खोल कट असेल, तर टिपेपासून अर्धा इंचच कापड अखंड आहे. त्यातलंही नवी टीप कटाच्या अलीकडे ठेवावी लागते, म्हणजे हातात येतं ते फार थोडं. उजेडात धरून बगलेपाशी मार्जिन उघडून बघा. मी कपडा हातात घेतला की टेपच्या आधी तेच बघते.

तिसरी गोष्ट अस्तर. बहुतेक ब्लाउजमध्ये अस्तर आणि वरचं कापड एकत्रच शिवलेलं असतं, तेव्हा दोघांचं मार्जिन मोजा. वरचं रेशीम दीड इंच असतं आणि अस्तर काटकसरीने कापलेलं. अस्तर टिपेत आलं नाही तर सगळा ताण एकट्या रेशमावर येतो आणि ते शिवणीपाशी फाटतं. अस्तर कमी पडलं तर अस्तराची पट्टी जोडता येते, ती बाहेरून दिसत नाही.

सैल करूनही काही ब्लाउज पुढे ओढलेलेच राहतात. घालून आरशात बघा. सुरकुत्या बगलेकडून हुकांकडे आडव्या जात असतील तर साईड सोडून फरक पडतो. पण हुकपट्टीच मधे उघडत असेल आणि साईडला बोट सहज जात असेल, तर अडचण पुढच्या भागात आहे. साध्या ब्लाउजमध्ये टक्स थोडे कमी करून तिथे जागा मिळते. प्रिन्सेस कट आणि कटोरीत मिळत नाही. त्यांच्या गोल शिवणींत मार्जिन जेमतेम तीन-चार सूत असतं आणि त्यालाही कट मारलेले असतात. हुकपट्टीवर हुक सरकवून फार तर अर्धा इंच मिळतो.

गळा मोठा करता येतो, लहान नाही. कापलेलं कापड परत येत नाही, फक्त खांद्यात थोडं दाबून गळा वर उचलता येतो, पण मग मुंढाही वर जातो. मुंढा आणि खांदा सैल करण्याचं काम मी घेतच नाही. तिथे मार्जिन दोन-तीन सुतांचं असतं आणि फिटिंगचा तोलच बिघडतो. बगल काचत असेल आणि मार्जिन संपलेलं असेल तर चौबगला घालावा, म्हणजे बगलेत चौकोनी तुकडा. जुन्या सदऱ्यांना तो मुद्दाम घालत, हात मोकळा राहावा म्हणून. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा तुकडा जपून ठेवला असेल तर हे काम दिसतही नाही.

पँट

टेलरने शिवलेली फॉर्मल पँट उलटी करा आणि मागची मधली शिवण बघा. वर कमरेपाशी मार्जिन रुंद असतं, इंच-दीड इंच, आणि खाली आसनाकडे जाताना निमुळतं होत चार सुतांवर येतं. बेल्टलाही मागे मधोमध जोड असतो. हे दोन्ही मुद्दाम ठेवलेलं असतं, कमर वाढणार हे गृहीत धरून. तयार फॉर्मल पँटमध्येही बऱ्याचदा असतं, पण थोडं कमी. कॉटनच्या रोजच्या पँटींमध्ये बेल्ट अखंड पट्टीचा असला की मोठं काम होतं, बेल्ट कापून जोड घालावा लागतो.

समजा कमर ३४ आहे आणि ३६ हवी. वाढ १६ सूत, कडा दोन, म्हणून कडेला ८. आत मार्जिन ब्लाउजसारखंच १० सूत निघालं. आठ सोडले तर दोन उरतात आणि सीटला चार हवेत. म्हणून ६ सोडायचे. एकूण १२ सूत, म्हणजे दीड इंच, आणि पँट ३५॥ ची होईल. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं, कारण घरी नेऊन बटण लावताना कळलं की वाद होतो. बेल्टच्या जोडातलं मार्जिनही वेगळं मोजा, ते कधीकधी पँटपेक्षा कमी असतं आणि मग बेल्टच अडवतो.

सोडायची रेघ वरून सरळ खाली नेत नाहीत. कमरेला सहा सूत, सीटच्या मध्यावर गरजेप्रमाणे तीन-चार, आणि आसनाच्या वळणाला शून्य. नवी टीप जुन्या टिपेत अलगद मिसळली पाहिजे. मधेच कोपरा झाला तर मागून पँट टोचेदार दिसते. या शिवणीवर मी दोनदा टीप मारते. पँट घेताना दुकानातच घालून स्टुलावर बसा आणि खाली वाका. टीप कर्रकन वाजली तर तिथेच परत द्या.

कमर बसते पण मांडीत घट्ट होते, हा दुसरा प्रकार. त्यासाठी आतल्या बाजूची, दोन पायांमधली शिवण बघा. टेलरच्या पँटमध्ये मागच्या पाल्याला आसनापाशी अर्धा ते एक इंच जास्त कापड असतं. बाहेरच्या साईडला हात लावायचा नाही, तिथे खिसे आहेत. खिशाचं तोंड उघडं राहत असेल, म्हणजे कानासारखं बाहेर येत असेल, तर पँट नितंबांवर घट्ट आहे. नुसती कमर सोडून ते जाणार नाही.

घट्ट करायलाही मर्यादा आहे. मागून दोन इंच घेईपर्यंत ठीक. त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांजवळ सरकतात. कमर तीन इंच कमी केली की प्रत्येक खिसा दीड इंच मधे येतो, आणि चार इंचांचं अंतर असेल तर एक इंच उरतं. मागून बघणाऱ्याला लगेच समजतं. तेवढं वजन उतरलं असेल तर खिसे उसवून साईडनं घेणं किंवा नवी पँट, यातलं नवी पँट स्वस्त पडते.

जीन्स सैल होत नाही. तिच्या शिवणी दुमडून दोनदा शिवलेल्या असतात, आत मार्जिनच नसतं. घट्ट करायची तर मागून इंच-दीड इंच, तेही बेल्टची पट्टी आणि मधला लूप काढून परत बसवायची तयारी असेल तर. विचारणारे खूप येतात, म्हणून स्पष्ट सांगितलं.

लांबी वाढवायची असेल तर मोहरीचा दुमड उघडून बघा. फॉर्मल पँटला दोन-अडीच इंच असतो, त्यातला एक-दीड इंच खाली येतो. कापड कमी पडलं तर आतून वेगळी पट्टी लावून शिल्लक जवळजवळ सगळंच वापरता येतं.

कापड उसवू देईल का

मार्जिन भरपूर असूनही काम फसतं ते इथे. शिवण उसवली की जुन्या टिपेच्या सुईची छिद्रं दिसतात. सुती आणि लोकरीच्या कापडात धुतल्यावर, दमट फडक्यावरून इस्त्री केल्यावर ती भरून येतात. साटन, पातळ रेशीम, मखमल आणि लेदरमध्ये राहतात, आणि सैल केल्यावर ती ओळ बाहेरच्या बाजूला येते. म्हणून पूर्ण उसवण्याआधी कमरेच्या टोकाला, जिथे कुणाला दिसणार नाही, एक इंचभरच उसवून बघा. नखाने हलकं घासा, इस्त्री फिरवा. ओळ गेली तर पुढे.

दुसरं रंगाचं. बाहेरचं कापड उन्हात आणि धुण्यात फिकं होतं, आतलं मार्जिन मूळ रंगाचंच राहतं. मरून, काळा, गडद निळा यांत ही गडद पट्टी लख्ख दिसते. ब्लाउजच्या बगलेत घामाचा डागही बरोबर जुन्या टिपेपाशी थांबलेला असतो. ब्लाउजची साईड हाताखाली आणि पदराखाली जाते, म्हणून तिथे चालून जातं. पँटच्या मोहरीला आणि सीटला चालत नाही. मार्जिनची कड बाहेरच्या कापडावर दुमडून दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही.

बाकीचे कपडे, थोडक्यात

तयार कुर्त्यांची कड इंटरलॉकमध्ये कापून गेलेली असते, आत तीन-चार सूत उरतात. त्यातून सगळं मिळून अर्धा-एक इंच मिळाला तर नशीब. त्यापेक्षा साईडला त्याच रंगाच्या कापडाची उभी पट्टी घालणं बरं. घट्ट करायचा असेल तर सोपं, फक्त साईडच्या स्लिटची सुरुवात खालीवर होऊ देऊ नका.

शर्टाची शिवणही जीन्ससारखी दुमडलेली असते. सैल होत नाही. घट्ट करायला साईडने घ्या, किंवा झटपट हवं तर मागे दोन उभे टक्स. खांदा उतरलेला असेल तर बाही काढून परत लावावी लागते, त्याचे पैसे शर्टाच्या किमतीशी ताडून बघा.

कोटाला मागच्या मधल्या शिवणीत थोडं कापड असतं आणि बाहीच्या तोंडाशी इंचभर. खांद्याला हात लावू नये. कोट घेतानाच खांदा बसला पाहिजे, बाकीचं बघता येतं.

शाळेच्या गणवेशाच्या फ्रॉकला आणि पँटला जूनमध्ये मोठा दुमड ठेवून घ्या. दुकानदार कापून देतो म्हणाला तर थांबवा.

देताना आणि घेताना

कपडा धुऊन द्या. अस्तर आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, न धुतलेला कपडा बेताचा करून घेतला की पुढच्या आठवड्यात परत येतो. ब्लाउज घालून दाखवायचा तर रोजची आतली ब्रा घालून या, पँटला तेच बूट. "थोडं सैल करा" असं सांगू नका. छातीत किती, कमरेत किती, दंडात किती, असं इंचात सांगा आणि ते पावतीवर लिहून घ्या.

लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी बरेच टेलर नव्या शिलाईत अडकलेले असतात, अल्टरचं काम बाजूला पडतं किंवा घाईत होतं. दुसऱ्याने शिवलेला कपडा काहीजण घेतच नाहीत. तेव्हा स्टेशनजवळ, बाजारपेठेत मशीन टाकून बसलेले अल्टरवाले उपयोगी पडतात. पँटची लांबी, साईड घेणं ते सफाईने करतात. अस्तराचा रेशमी ब्लाउज मात्र ब्लाउज शिवणाऱ्याकडेच न्या.

घट्ट करायला देताना एक वाक्य न चुकता सांगा, "आतलं कापड कापू नका." पुष्कळजण नवी टीप मारून उरलेलं कापतात आणि इंटरलॉक करून सफाईदार करून देतात. दिसायला छान, पण परत सैल करायचा मार्ग बंद. एका साईडला इंचभर जादा झालं तरी ब्लाउजमध्ये ते टोचत नाही. त्याहून जास्त असेल तर मगच कापू द्या. बाहीत जाडी होत असेल तर बाहीतलं थोडं कमी करू द्या, अंगातलं ठेवा.

आणि नवीन ब्लाउज शिवायला टाकताना, कापड टेलरच्या हातात देण्याआधीच बोलून ठेवा: साईडला दीड इंच, बाहीत एक इंच, अस्तरालाही तेवढंच, बगलेत खोल कट नको, आणि पाव इंच अंतरावर तीन टिपा. कापड ८० सेंटीमीटर आणलं असेल आणि बाही लांब हवी असेल तर टेलर नाही म्हणेल, कारण तेवढं बसत नाही. मोठ्या मापाला एक मीटर घ्या. उरलेले तुकडे मागून घ्या आणि ब्लाउजच्याच पिशवीत ठेवा.